लोकलगाडीचा अभंग

पश्चिम रेल्वेच्या विरार ते चर्चगेट मार्गावर सकाळच्या गाड्यांतून भजनी मंडळ्या गातात, हे मुंबईकरांना नवे नाही. टाळांच्या एक-दोन जोड्या, एखादी लहान ढोलकी, आणि ढोलकी नसेल त्या दिवशी डब्याची पत्र्याची भिंत, एवढ्या साहित्यावर तासाभराचा प्रवास पार पडतो. या मंडळ्या बहुधा संतांचे अभंग आणि आरत्या म्हणतात. परंतु भाईंदरहून चढणाऱ्या अशाच एका मंडळीत गेली पंचवीसएक वर्षे एक निराळे पदही म्हटले जाते. त्यात देवाचे नाव नाही, संताचे नाही. त्यात फक्त गाडी आहे.

ते रचणारे गृहस्थ मूळजी जेठा मार्केटातील एका कापडाच्या पेढीवर मेहताजी होते. मूळचे सांगलीकडचे, पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले. कवी म्हणवून घेण्याची त्यांना हौस नव्हती आणि कोणी तसे म्हटलेले रुचतही नसे. रोज जे दिसते ते कोठेतरी टिपून ठेवावे, एवढीच त्यांची वृत्ती. पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद असे आणि पद त्यावरच वाढत गेले.

पहिला प्रयत्न फसला होता. मेहताजींनी शाळेत पाठ केलेल्या आर्येच्या चालीवर लांबलचक ओळी बांधल्या. त्या दहिसर येईपर्यंतच कोलमडल्या. कारण साधे होते. भरलेल्या डब्यात एका टोकाचे शब्द दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाहीत. मुख्य गायक खिडकीजवळच्या बाकावर असतो. तो एक चरण म्हणतो, समोरचे बाक तो उचलते, बाकांच्या मधे उभे असलेले त्यांच्याकडून घेतात आणि दाराशी लोंबकळणाऱ्यांपर्यंत तो तिसऱ्या हाताने जातो. एकदा ऐकून पुढे देता येईल एवढाच शब्दांचा ऐवज चालतो. लांब ओळ मधल्या मधे गळते, आणि दारापाशी पोचते तेव्हा तिचा अर्थ भलताच झालेला असतो.

म्हणून त्यांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगाचा हिशेब ठरलेला आहे: सहा अक्षरे, सहा अक्षरे, सहा अक्षरे आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळले पाहिजे. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाची मोजणी नाही. चाल प्रत्येकाला लहानपणापासून येते; शब्द तेवढे नवे. सहा अक्षरे ही गर्दीतून एका दमात पार करता येतात.

रकमा मांडणाऱ्या माणसाला या बांधणीत लगेच एक गोष्ट दिसली. या मार्गावरील कितीतरी स्थानकांची नावे नेमकी चार अक्षरांची आहेत: भाईंदर, दहिसर, बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, जोगेश्वरी, सांताक्रूझ, महालक्ष्मी, ग्रँट रोड, चर्नी रोड. म्हणजे अभंगाचा शेवटचा चरण जणू रेल्वेनेच तयार करून ठेवलेला. मुंबई सेंट्रल आणि मरीन लाइन्स या दोघांची अक्षरे सहा भरतात. अडवणूक केली ती वसई, मालाड, दादर यांसारख्या तीन अक्षरी नावांनी. त्यांच्यापुढे काहीतरी जोडावे लागे, आणि असे जोडलेले अक्षर ऐकताच कळते. पदाचा आरंभ असा आहे:

खाडी ओलांडून। चर्चगेट आली।
जागा नाही खाली। तरी चढा॥

गाडीवरच्या गाण्यांत चाकांची खडखड हमखास येते. मेहताजींनी ती घातली नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. पूर्वी तेरा-तेरा मीटरचे रूळ पट्ट्या ठोकून जोडलेले असत. प्रत्येक जोडाच्या फटीवरून चाक गेले की ठोका पडे. आता रूळ लांबच लांब वितळजोडाने एकसंध केलेले असतात. सरळ मार्गावर गाडी जवळजवळ सारखी घोंघावत जाते, ठेका देत नाही. ठोके ऐकू येतात ते सांधे बदलताना, म्हणजे बोरिवली, अंधेरी अशा मोठ्या स्थानकांच्या तोंडाशी, आणि तेही अनियमित. तेथे टाळवाला हटकून चुकतो. मंडळीतला जाणता ढोलकीवाला अशा जागी हात आखडता घेतो, डबा हेलकावा देऊन सरळ झाला की मग थाप देतो. गाडी ताल देत नाही, उलट तो मोडू पाहते. ताल माणसांनीच सांभाळायचा असतो.

पदाचा गाभा मात्र वासांचा आहे. ते रचले गेले त्या काळी डब्यात पुढच्या स्थानकाची घोषणा होत नसे, आणि पुढे ती होऊ लागली तरी टाळांच्या गजरात कोणाला ऐकू येणार? बाकांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला खिडकी दिसत नाही. त्याला दिसते समोरच्याची मान, कोणाच्या तरी पिशवीचा बंद आणि वर लटकणाऱ्या कड्या. आपण कोठवर आलो हे तो नाकाने ओळखतो. भाईंदरच्या खाडीचा खारा दमट वारा, किनाऱ्याकडून येणाऱ्या सुक्या मासळीचा दर्प, अंधेरी सोडली की भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास, वांद्र्यानंतर माहीमच्या खाडीचा गाळ. मेहताजींच्या घरी मासळीचे नावही निघत नसे. त्या कडव्याला मंडळीतल्याच एकाने हरकत घेतली. ते म्हणाले, “अहो, वास येतो तो येतोच. माल आवडला नाही म्हणून त्याची नोंद गाळायची का?” कडवे राहिले.

मालडबा भरला की वसईकडचा एखादा फुलवाला या डब्यात घुसे. त्याच्या टोपल्याला वाट देताना सगळे कुरकुरत, आणि तो उतरून गेल्यावर कुरकुर थांबे:

फुलांचा टोपला। दादरास गेला।
वास मागे ठेला। सदऱ्यात॥

माणुसकीचे वर्णन करताना मेहताजी फार काटकसरी. धावत्या माणसाला दारातून हात देऊन आत ओढण्याचा प्रसंग कोणीही लिहील. त्यांनी तो लिहिला नाही, कारण तो धोक्याचा आहे आणि गाण्यात गोड दिसल्याने त्याचे अनुकरण होते. त्यांनी चौथ्या जागेविषयी लिहिले. लोकलचे बाक तिघांचे. तिघे थोडे सरकले की कडेला एक वीत उरते आणि चौथा तेथे टेकतो. त्याचे अर्धे अंग वाटेत असते, एका पायावर भार येतो, येणारे-जाणारे खांद्याला घासून जातात. पण भाईंदरपासून उभ्या असलेल्याला तेवढेही मोलाचे वाटते. या जागेवर कोणाचा हक्क नाही. तिघांपैकी एकाने जरी मांड्या आवळल्या नाहीत तरी ती नाहीशी होते. मागणारा बोलत नाही, फक्त बाकाकडे पाहून हाताने किंचित खूण करतो. देणारेही बोलत नाहीत, सरकतात. याच मंडळीत आणखी एक रिवाज असे: बोरिवली आली की बसलेल्यांपैकी धडधाकट माणसे उठून उभ्यांना बसवत, आणि उभ्या माणसाची बॅग तर पहिल्यापासून कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर असेच.

तिघांच्या बाकाला। चौथाही टेकला।
अर्धाच बसला। पुरे झाले॥

या सगळ्यांत मंडळीला सर्वांत प्रिय होते ते पार्ल्याचे कडवे. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ सालचा, रुळांना लागूनच. जलद गाडी पार्ल्याला थांबत नाही, पण भट्टी चालू असली की वास दारातून आत येई आणि सांताक्रूझपर्यंत सोबत करी. न्याहारी न करता निघालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर तो दिसे. कडवे असे:

दिसेना खिडकी। दिसेना ते गाव।
नाक सांगे नाव। पार्ले आले॥

२०१६ साली तो कारखाना बंद झाला. काही दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही. मग एका सकाळी अंधेरी सुटली, गायकाने चरण उचलला, बाकांनी तो पुढे दिला आणि “नाक सांगे नाव” म्हणताना सगळ्यांनीच नकळत श्वास घेतला. काही आले नाही. तिसऱ्या चरणावर पद अडखळले, असे तेथे असलेले सांगतात.

मग वाद झाला. मंडळीतल्या तरुणांचे म्हणणे पडले की, कडवे आता खोटे झाले, बदलावे. त्या जागी विमानतळाचे काहीतरी घालावे, विमाने तर पार्ल्यावरून रोज जातात. दुसऱ्या बाजूचे म्हणत, राहू द्या, कोणाला काय कळते. मेहताजींना दोन्ही पटेना. वहीत झालेली नोंद खोडायची नाही, खरवडायची तर नाहीच, हे त्यांच्या पेढीवरचे पहिले शिक्षण. जी रक्कम त्या तारखेला खरी होती ती त्या तारखेला खरीच राहते. पुढे फरक पडला तर खाली नवी तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची, म्हणजे वाचणाऱ्याला आधी काय होते आणि नंतर काय झाले हे दोन्ही कळते. आठवडाभर ते गप्प होते. नंतर कागदावर जुन्या कडव्याखाली हे उतरले:

नाक थबकले। वास नाही आला।
रस्ता ओळखला। सवयीने॥

दोन्ही कडवी लागोपाठ म्हणायची, असे ठरले. पाच वर्षांची सवय असलेला एक तरुण म्हणाला, “काका, यात रडायला येते.” मेहताजी म्हणाले, “येऊ दे की. पण ‘सवयीने’वर ओढू नकोस, सम चुकते.”

त्यानंतर उभी राहिली ती निव्वळ वेळेची अडचण. प्रत्येक कडवे दोनदा म्हणण्याचा परिपाठ होता. अंधेरी ते वांद्रे हे अंतर जलद गाडी थोडक्या मिनिटांत तोडते. तेथे पूर्वी एक कडवे होते, आता दोन झाली. परिणामी माहीमचे कडवे सुरू होईपर्यंत गाडी वांद्र्याहून सुटून खाडी मागे टाकू लागली. वास आधी येई आणि त्याचे वर्णन मागून, मालाच्या पाठोपाठ दोन दिवसांनी बीजक यावे तसे. मेहताजींना हे मुळीच खपण्यासारखे नव्हते. अखेरीस पार्ल्याची दोन्ही कडवी एकेकदाच म्हणावीत असा मंडळीत ठराव झाला. मेहताजी आता कामावरून निवृत्त आहेत आणि सकाळच्या गाडीला नसतात. ठराव मात्र अजून पाळला जातो, ढोलकीवाला रंगात येऊन विसरला नाही तर.