बाईंना माहीत नसलेली गोष्ट

अक्षरलेखन हा माझा व्यवसाय. लग्नपत्रिका आणि मानपत्रं वर्षभर चालू असतात. एप्रिल उजाडला की पालक येतात. १ मेच्या आसपास निकाल असतो आणि बाईंना किंवा सरांना एक शुभेच्छापत्र द्यायचं असतं. अक्षर माझं, मजकूर त्यांचा, असा व्यवहार. पण बहुतेकांचा मजकूर एकच असतो, म्हणून हळूहळू मी त्यातही हात घालू लागले.

दुसरीतल्या मुलीच्या वडिलांनी आणलेला कागद असा होता : ‘आदरणीय बाई, आपण ज्ञानाचा सागर आहात. आपल्यासारख्या आदर्श शिक्षिका लाभणे हे आमचे भाग्य. आपले उपकार आम्ही कधीही विसरणार नाही.’ माणूस मनापासून बोलत होता, तरी कागद खुशामतीचा वाटत होता. कारण यातलं एकही वाक्य या बाईंचं नव्हतं. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना दिलं असतं तरी चाललं असतं. शिवाय बाई कशा आहेत हे बाईंनाच सांगायला गेलं की आपण परीक्षक होऊन बसतो, आणि वरच्या पट्टीतले गुण दिले की घेणाऱ्याला शंका येते : यांना काय हवंय?

म्हणून मी विचारलं, “बाईंमुळे घरात काय बदललं? बाईंना दिसलं नसेल असं काही सांगा.”

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ती आकडे उलटे लिहायची.” सदतीस म्हटलं की ७३. मराठीत हे अनेक मुलांचं होतं. सदतीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. कान आणि हात उलट्या दिशेने चालतात. बाईंनी तिला काड्या दिल्या होत्या. सदतीस पूर्ण ऐकायचं, आधी दहा-दहाच्या तीन जुड्या डावीकडे ठेवायच्या, मग सात सुट्या काड्या उजवीकडे, आणि त्यानंतरच पेन्सिल उचलायची.

“आणि घरी?”

“परवा आजीने तिला फोन नंबर सांगितला. आजी जोडीने सांगते, अठ्ठ्याण्णव, सदतीस, असा. पोरीने प्रत्येक जोडीला आधी टेबलावर बोटाने जुड्या मांडल्यासारखं केलं, मग लिहिलं. फोन बरोबर लागला.”

ही गोष्ट बाईंना ठाऊक असणं शक्य नव्हतं. वर्गात काड्या दिल्या हे त्यांना माहीत. त्या काड्या आजीच्या टेबलापर्यंत पोचल्या हे फक्त घरच्यांना माहीत. आभाराच्या पत्रात सांगण्यासारखं असतं ते हेच.

आम्ही लिहिलं :

‘बाई, सप्रेम नमस्कार. सदतीस ऐकून ७३ लिहिणाऱ्या आमच्या मुलीला तुम्ही काड्यांच्या जुड्या मांडायला शिकवलंत. परवा आजीने सांगितलेला फोन नंबर तिने बोटाने जुड्या मांडत बरोबर लिहून घेतला. एकोणसाठला अजून अडते, त्यातला साठ ऐकून ६९ लिहिते. पण आता चूक तिची तिलाच कळते. त्याबद्दल आभार. सुट्टी छान जावो.’

एकोणसाठचं वाक्य वडिलांना खटकलं. “आभार मानताना उणं कशाला?” मी ते ठेवायला लावलं. सगळं झालं असं लिहिलं असतं तर बाईंनी पत्र हसून बाजूला ठेवलं असतं. दुसरीला शिकवणाऱ्या माणसाला ‘एकोण’चे आकडे किती छळतात ते ठाऊक असतं. जे झालं नाही तेही लिहिलं, म्हणून जे झालं त्यावर विश्वास बसतो.

दोन गोष्टी मात्र काढल्या. ‘गेल्या वर्षी हे कुणाला जमलं नव्हतं’ असं त्यांना घालायचं होतं. गेल्या वर्षीच्या बाई त्याच शिक्षक-खोलीत बसतात. पत्र तिथे मोकळेपणाने वाचता यायला हवं. दुसरी, ‘धाकट्यालाही तुमचाच वर्ग मिळावा.’ ही इच्छा खरी होती, पण तिच्यामुळे आधीची सगळी वाक्यं अर्जाची प्रस्तावना झाली असती. त्याच कारणाने पत्र निकाल हातात पडल्यावर द्यायचं ठरलं, आणि सोबतची साडी रद्द झाली. महागडी भेट असली की पत्र तिची चिठ्ठी होऊन जातं.

प्रत्येकाकडे असा प्रसंग असतोच असं नाही. तेव्हा मी मुलाला विचारायला सांगते; मुलांना विचित्र तपशील आठवतात, आणि ते बहुधा खरे निघतात. मुलालाही काही आठवलं नाही, तर ‘वर्षभर त्याला सांभाळलंत, आभारी आहोत’ एवढं एक ओळीचं कार्ड द्यावं. ते खरं असतं. उरलेल्या जागेसाठी सागर आणावा लागत नाही.