साहेबांचा वाढदिवस आणि माझी दोन वाक्ये

गेल्या वर्षी 31 मेच्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी खाटेवर मोबाईल घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी, 1 जूनला, आमच्या साहेबांचा वाढदिवस. साहेब म्हणजे माझा गोपनीय अहवाल लिहिणारे अधिकारी. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे अहवाल याच सुमारास लिहिले जातात. त्यात माझ्या नोकरीला वीस वर्षे पूर्ण होत होती. आश्वासित प्रगती योजनेचा दुसरा लाभ वीस वर्षांनी मिळतो आणि तो देताना मागील गोपनीय अहवाल पाहिले जातात. मुलगी बारावीला, घरभाडे वाढलेले. पगारात चार पैसे वाढणे आमच्या घराला किती गरजेचे होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी लिहिले : “कर्तव्यदक्ष, गोरगरिबांचे कैवारी, आम्हा सर्वांचे दीपस्तंभ, आदरणीय साहेब, आपल्यासारखा अधिकारी होणे नाही.” मजकूर मुलीला दाखवला. शुद्धलेखन ती तपासते. तिने वाचले आणि म्हणाली, “पप्पा, हे कोण? तुम्ही तर रोज घरी येऊन सांगता, साहेब फाईल चार दिवस टेबलावर ठेवतात म्हणून.”

मला उत्तर देता आले नाही. बायको भांडी घासता घासता हसली, तेही ऐकू आले.

मग मला एक जुनी फजिती आठवली. 2019 साली आमच्याकडे दुसरे साहेब होते. त्यांच्या वाढदिवसाला मी असाच मजकूर कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. त्यांची बदली झाली, नवे साहेब आले आणि त्यांच्या वाढदिवसाला मी तोच मजकूर काढून, नाव बदलून पाठवला. आमच्या शाखेतल्या एका गमत्या माणसाने दोन्ही मजकूर शोधून मला शेजारी शेजारी दाखवले. “दादा, ‘आपल्यासारखा अधिकारी होणे नाही’ असे दोघांना कसे काय?” वाक्य खोटे आहे हे कळायला त्याला दुसरा कुठलाच पुरावा लागला नाही. जे वाक्य खुर्चीवरच्या कोणत्याही माणसाला लागू पडते, ते त्या माणसाचे नसते, खुर्चीचे असते. आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे आपल्याआधी कळते, कारण त्याने आपल्या साहेबांना तशीच वाक्ये लिहिलेली असतात.

आणखी एक गंमत सांगतो. 1 जून हा वाढदिवस कितीजणांचा असतो ते आपापल्या कार्यालयात मोजून पाहा. पूर्वी खेड्यातून शाळेत नाव घालायला नेले की आईबापाला तारीख सांगता येत नसे. गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. माझ्या वडिलांची जन्मतारीख हीच होती. ते 31 मेला सेवानिवृत्त झाले, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. आमचे साहेबही शेतकऱ्याच्या घरातले. आपण नेमके कोणत्या दिवशी जन्मलो हे त्यांनाही माहीत नसावे. आणि मी मात्र “या सुवर्णदिनी एका महान व्यक्तिमत्त्वाचा उदय झाला” असे लिहायला निघालो होतो!

त्या रात्री मी मजकूर पुसला आणि विचार करत बसलो. काहीच पाठवू नये का? पण पन्नास माणसांच्या ग्रुपवर एकटाच गप्प राहिलो, तर तेही बोलणेच झाले. मी वस्तीत चळवळीचे काम करतो हे कार्यालयात सर्वांना माहीत आहे. “ह्याला ताठा आला” म्हणायला लोक टपलेले असतात. शिवाय शुभेच्छा देणे ही लाचारी नव्हे. शेजाऱ्याला देतो, शिपायाला देतो, तशी साहेबालाही द्यावी. प्रश्न पुढच्या शब्दांचा होता.

आपल्या विहारात सिगालोवाद सुत्ताचे वाचन झाले होते, ते आठवले. दीघ निकायातले हे सुत्त संसारी माणसासाठी आहे. त्यात मित्राच्या वेषातल्या खुशामतखोराच्या चार खुणा दिल्या आहेत. तो वाईट कामालाही हो म्हणतो, चांगल्या कामालाही हो म्हणतो, तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा करतो. मुलीने नेमके शेवटच्या दोन खुणांवर बोट ठेवले होते. त्याच सुत्तात मालकाशी नोकराने कसे वागावे तेही सांगितले आहे. काम नीट करावे, दिलेले तेवढेच घ्यावे आणि मालकाचे चांगले नाव बाहेर सांगावे. म्हणजे चांगले बोलायला मनाई नाही. फक्त ते पाठीमागेही बोलता आले पाहिजे. माझ्या हाती कसोटी आली : जे वाक्य मी साहेबांच्या गैरहजेरीत चहाच्या टपरीवर, शाखेतल्या माणसांसमोर न लाजता म्हणू शकतो, तेवढेच लिहायचे.

आता असे वाक्य शोधायचे होते. विशेषणे सगळी गळून पडली. “कर्तव्यदक्ष” म्हटले की टपरीवर लगेच कोणीतरी विचारणार, “कधी?” म्हणून मी “कधी” पासूनच सुरुवात केली. वर्षभरात साहेबांनी केलेली आणि मी डोळ्यांनी पाहिलेली चांगली गोष्ट कोणती?

पहिली आठवली ती मार्चअखेरची. माझ्याकडून एका देयकावर लेखाशीर्ष चुकीचे पडले आणि कोषागारातून ते आक्षेप लागून परत आले. साहेबांनी मला नोटीस दिली नाही. रात्री साडेआठपर्यंत स्वतः थांबून दुरुस्ती तपासली. हे खरे होते आणि मनापासूनचे होते. लिहूनही झाले. पण पुन्हा वाचल्यावर खटकले. अहवाल लिहायच्या दिवसांत आपलीच चूक साहेबांना आठवण करून द्यायची आणि वर “आपण सांभाळून घेतलेत” म्हणायचे, याचा अर्थ “आताही सांभाळून घ्या” असाच निघतो. वाक्य खरे असले तरी त्याच्या पोटात मागणी होती. त्या मेहेरबानीबद्दल मी त्याच रात्री, कार्यालयाच्या जिन्यात, तोंडाने आभार मानले होते. ते तिथेच पुरे होते.

म्हणून ज्यात माझा काही फायदा नाही अशी गोष्ट शोधली. आमचा एक शिपाई नोकरीत असताना वारला. त्याच्या बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाईल अडून पडली होती, कारण सेवापुस्तकात दुसऱ्या तालुक्यातल्या काही वर्षांची पडताळणीची नोंद नव्हती. आम्ही दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. पावसाळ्यात एक दिवस ती बाई भिजत आली. साहेबांनी तिला बसवले, तिच्यासमोर त्या तालुक्याच्या कार्यालयात स्वतः फोन लावला आणि नोंद मिळेपर्यंत दर आठवड्याला पाठपुरावा केला. मग प्रकरण महालेखापाल कार्यालयाकडे गेले. चार दिवस फाईल ठेवणारे साहेब तेच आणि हेही तेच. माणूस असाच असतो, थोडा इकडे, थोडा तिकडे. वाढदिवसाच्या दिवशी इकडची बाजू सांगावी. तिकडची सांगायला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.

सकाळी ग्रुपवर मी सर्वांसारखी एक ओळ टाकली, “साहेब, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.” त्या बाईच्या घरची गोष्ट पन्नास माणसांत कशाला? ती साहेबांना वेगळी पाठवली :

“साहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा. गेल्या पावसाळ्यात आपल्या शिपायाच्या पत्नीसाठी आपण स्वतः फोन करून सेवापुस्तकातली नोंद मिळवलीत, ते आम्ही शाखेत अजून बोलतो. आपणास उत्तम आरोग्य लाभो.”

नमस्कार सोडला तर दोनच वाक्ये. “आपल्या छत्रछायेखाली” नाही, “आशीर्वाद असू द्यावा” नाही. कार्यालयात तोंडाने जसे “साहेब” आणि “आपण” म्हणतो तसेच लिहिले, त्यापेक्षा वर नाही आणि खालीही नाही. ग्रुपवर त्या दिवशी दीपस्तंभ, कार्यसम्राट, देवमाणूस असे चाळीसेक संदेश आले. साहेबांनी सर्वांना मिळून एक हात जोडलेले चित्र पाठवले.

मला दुपारी उत्तर आले : “धन्यवाद. त्या बाईंचे पेन्शन सुरू झाले का?”

मी आस्थापना शाखेत जाऊन विचारले. पेन्शन सुरू झाले होते, पण थकबाकी मिळाली नव्हती. तसे साहेबांना कळवले आणि दुसऱ्या दिवशी ती फाईल पुन्हा वर निघाली. खऱ्या वाक्याला उत्तर येते ते असे. “दीपस्तंभ” म्हटल्यावर साहेब तरी काय विचारणार?

आता कोणी विचारेल, प्रतवारीचे काय झाले? जी आदल्या वर्षी होती तीच राहिली. मी त्या संदेशातून वेगळे काही मागितलेही नव्हते. माझे जे सांगायचे होते ते एप्रिलमध्येच स्वयंमूल्यमापनाच्या नमुन्यात लिहून दिले होते : वर्षात 412 देयके केली, 17 आक्षेप लागून परत आली, सर्व 17 दुरुस्त करून 31 मार्चपूर्वी सादर केली. आपल्या कामाची बाजू मांडायची जागा तो नमुना आहे, वाढदिवसाची शुभेच्छा नव्हे. हे दोन कागद एकमेकांत मिसळले की दोन्ही खोटे वाटू लागतात.

स्तुती ऐकूनच प्रतवारी देणारे साहेबही असतात, हे मी नाकारत नाही. अशांच्या हाताखाली माझी दोन वाक्ये उपयोगी पडणार नाहीत. पण तिथे दीपस्तंभही टिकत नाही, कारण उद्या दुसरा कोणी त्याला सूर्य म्हणेल. तिथे कागदच कामी येतो. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध अभिवेदन करता येईल. ती नोंद मागून घ्यावी, वाचावी आणि पटली नाही तर मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. आणि ज्या साहेबांबद्दल टपरीवर म्हणता येईल असे एकही वाक्य सापडत नाही, त्यांना नुसती “वाढदिवसाच्या शुभेच्छा” पुरेशी आहे. कोणाचे आयुष्य वाढो असे म्हणण्यात खोटे काही नाही.

त्या संध्याकाळी मुलीने विचारले, “काय पाठवलेत शेवटी?” मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिने वाचले, काही बोलली नाही. फक्त “निवृत्तिवेतन” ऐवजी “पेन्शन” लिहिणाऱ्या साहेबांच्या उत्तरात शुद्धलेखनाची एकही चूक सापडत नाही म्हणून थोडी हिरमुसली.