बंद लिफाफा आणि उघडा अर्ज

कचेरीत आलेला कोणताही अर्ज ज्याच्या नावाने लिहिलेला असतो त्याच्या हाती थेट पडत नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. परंतु जिने नोकरीची पहिली चार वर्षे बारनिशीच्या टेबलावर काढली आहेत आणि पुढची पंचवीस-सव्वीस आस्थापना शाखेत रजेचे कागद हाताळण्यात घालविली आहेत, त्या माझ्यासारखीला अर्ज म्हटला की आधी त्याचा मार्गच डोळ्यांसमोर दिसू लागतो. शिपाई तो आणून ठेवतो, बारनिशी कारकून त्यावर आवक क्रमांक घालतो आणि त्याचा विषय नोंदवहीत उतरवून घेतो, मग रजेचे काम पाहणारा लिपिक शिल्लक रजेचा हिशेब मांडतो, अधीक्षक त्यावर शेरा मारतो, आणि शेवटी कुठे मंजुरीची सही होते. तापासाठी, लग्नासाठी, शेताच्या मोजणीसाठी मागितलेल्या रजेचे या प्रवासात काही बिघडत नाही. पण ज्या स्त्रीचा गर्भ नुकताच गेला आहे, तिने लिहिलेला प्रत्येक शब्द या चार-पाच टेबलांवर वाचला जातो, आणि दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत त्याची चर्चा झालेली असते.

असे अर्ज कसे लिहू नयेत, हे मला एका तरुण लेखापाल बाईंच्या कागदामुळे प्रथम नीट कळले. आमच्या संस्थेतल्याच त्या. अकरा जून रोजी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान दोन पाने भरून लिहिलेला अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. त्यात सोनोग्राफीत ठोके न दिसल्याची हकिकत होती, डॉक्टरांच्या तोंडची वाक्ये होती, घरात पूर्वी असे कोणाला झाले नव्हते याची ग्वाही होती, आणि शेवटी, महिनाअखेरीच्या ताळेबंदाच्या ऐन वेळी कार्यालयाची गैरसोय होत असल्याबद्दल क्षमा मागितलेली होती. विषयाच्या ओळीत मात्र त्यांनी, कोणीतरी सांगितले म्हणून, 'प्रसूती रजेबाबत' एवढेच लिहिले होते. तो कागद तसाच बारनिशीत गेला असता तर संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे फोन त्यांच्या घरी गेले असते. आणि हा निव्वळ तर्क नाही, कारण याच शब्दांमुळे एका दुसऱ्या बाईंच्या दारात पेढे मागायला गेलेल्या मैत्रिणींची गोष्ट मी स्वतः त्या मैत्रिणींच्या तोंडून, त्यांना रडताना पाहून, ऐकलेली आहे.

त्या यजमानांना मी बसविले, पाणी दिले आणि सांगितले की हा कागद घरी जपून ठेवा, कारण यातील दुःख खरे आहे. पण रजा देण्यासाठी यातले एकही वाक्य लागत नाही. मग लागते ते काय, हे समजण्यासाठी कायदाच पाहावा लागतो. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम ९ प्रमाणे गर्भपात झालेल्या स्त्रीला विहित पुरावा दाखल केल्यावर, त्या दिवसाच्या लगतच्या दिवसापासून सहा आठवड्यांची सवेतन रजा मिळण्याचा हक्क आहे. आणि कलम ४ तर याहून पुढे जाऊन मालकालाच बांधून घेते, की या सहा आठवड्यांत त्याने अशा स्त्रीला जाणूनबुजून कामावर लावता कामा नये. हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेतला असून तेथे हीच रजा कलम ६५ मध्ये आहे. तेव्हा आज अर्ज करणारीने त्या दिवशी लागू असलेला क्रमांक घालावा. जी रजा न देणे हाच मालकाचा दोष ठरतो, तिच्यासाठी क्षमा मागण्याचे प्रयोजन उरत नाही, म्हणून 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' ही ओळ मी सर्वांत आधी खोडली.

या कलमातील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. गर्भ आपोआप गेला असो की वैद्यकीय कारणाने कायद्यानुसार काढावा लागला असो, दोन्ही प्रसंगांना रजा एकच आहे, मुदत एकच आहे आणि कलमही एकच आहे. त्यामुळे यांपैकी काय घडले हे अर्जात लिहिण्याची गरज नाही, आणि रजेचा हिशेब करणाऱ्याला ते विचारण्याचे कारणही नाही. किती महिने झाले होते, पहिलेच होते का, कशामुळे झाले, यांचीही तीच गत. केवळ एक प्रश्न कचेरीला खरोखर पडू शकतो, तो म्हणजे सव्विसावा आठवडा उलटून गेला होता काय. कारण १९६१ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्या आठवड्यापर्यंतच त्याला गर्भपात म्हणतात. त्यानंतर झालेली ती प्रसूतीच असते, आणि मूल मृत जन्मले तरी कायद्याच्या भाषेत ते मूलच असल्याने प्रसूतीचा पूर्ण लाभ, म्हणजे दोनपेक्षा कमी मुले हयात असल्यास सव्वीस आठवड्यांचा, त्या स्त्रीला मिळतो. ज्यांना तो देय होता अशा दोघी-तिघी सहा आठवड्यांवरच परत आलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना वेळीच कोणी सांगितले नाही याची खंत मला अजूनही आहे.

आता खरी अडचण अशी की, लाजेने वा नको त्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ स्त्रिया नुसते 'वैद्यकीय कारणास्तव रजा' असे लिहितात, आणि लिपिक बिचारा ती रजा आजारपणाच्या खात्यातून वजा करतो. अब्रू राखली जाते, पण हक्काची बेचाळीस दिवसांची रजा बुडते, आणि पुढे खरोखर आजारी पडण्याची वेळ आली म्हणजे खात्यावर काही शिल्लक नसते. उलट कारण स्पष्ट लिहावे तर ते सर्वतोमुखी होते. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग मी त्या दिवशी काढला, तो असा की कागद एक न करता दोन करावेत. एक उघडा, जो बारनिशीतून जाईल, आणि दुसरा मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने बंद लिफाफ्यात, 'गोपनीय' असे लिहून. उघड्या अर्जाचा मजकूर त्यांच्या यजमानांनी माझ्यासमोरच लिहून घेतला आणि बाईंनी घरी त्यावर सही केली :

'विषय : दि. १२ जून ते २३ जुलै या कालावधीतील रजेबाबत.

महोदय, सोबत आपल्या नावे दिलेल्या बंद लिफाफ्यातील प्रमाणपत्राच्या आधारे मला दि. १२ जून ते २३ जुलै अशी बेचाळीस दिवसांची वैधानिक सवेतन रजा मंजूर व्हावी, ही विनंती. दि. २४ जुलै रोजी मी कामावर रुजू होईन. माझ्याकडील अपुऱ्या कामांची यादी सोबत जोडली आहे. एखादा कागद कमी पडत असल्यास कृपया लेखी कळवावे. आपली विश्वासू,'

आणि लिफाफ्यातील पत्र याहूनही लहान होते :

'सोबतच्या अर्जातील रजा मातृत्व लाभ अधिनियम, १९६१, कलम ९ अन्वये आहे. दि. ११ जूनच्या घटनेचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे. त्याचा उपयोग मंजुरीपुरता करून ते गोपनीय ठेवावे.'

यातील तारखांकडे लक्ष द्यावे. मुदत घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची असल्याने अकरा जून हा दिवस बेचाळिसांत येत नाही. त्या दिवसाची किरकोळ रजा निराळी टाकावी लागली. सुट्या आणि रविवार मात्र आतच धरले जातात. प्रमाणपत्रही मी डॉक्टरांकडून बदलून आणविले, कारण पहिल्यात तपासणीचे सारे निष्कर्ष लिहिले होते. कलमाचा उल्लेख, घटनेची तारीख आणि सही-शिक्का एवढ्यावर भागत असताना बाकीचा तपशील रुग्णालयाच्या दप्तरातच राहिलेला बरा. काम सोपविण्याची यादी जोडण्याचे कारण सौजन्याचे आहेच, पण त्याहून व्यवहाराचे आहे : 'ती फाईल कुठे ठेवलीत' असे विचारायला केलेला फोन 'पण झाले तरी काय' या प्रश्नावर येऊन थांबतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

आणि शेवटचे वाक्य, लेखी कळविण्याचे, ते मी फार विचाराने घातले. 'कृपया मला प्रश्न विचारू नयेत' असे लिहिले असते तर वाचणाऱ्याचे कुतूहल उलट जागे झाले असते आणि तो थोडा दुखावलाही असता. पण जो प्रश्न माणूस जिन्यात गाठून सहज विचारतो, तोच स्वतःच्या सहीने कागदावर लिहायची वेळ आली म्हणजे त्याचा हात आखडतो. कागद कमी असेल तर तेवढेच तो लिहितो, आणि कमी नसेल तर काहीच लिहीत नाही. त्या बेचाळीस दिवसांत आमच्या कचेरीतून त्या बाईंकडे एकही पत्र गेले नाही.

या युक्तीच्या मर्यादा मी लपवीत नाही. एका माणसाला तरी खरे कारण कळणे भागच आहे, कारण कायद्यातील मनाई 'जाणूनबुजून' कामावर लावणाऱ्या मालकाला आहे, आणि ज्याला माहीतच नाही त्याला ती बांधत नाही. तो एक माणूस हलक्या तोंडाचा निघाला तर लिफाफा व्यर्थ. सरकारी नोकरीत वेगळे नियम लागतात. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांत गर्भपातासाठी पंचेचाळीस दिवस आहेत, पण ते संपूर्ण सेवेत मिळून, तेव्हा तेथे आधी घेतलेली रजा सेवापुस्तकात तपासावीच लागते. प्रकृती सहा आठवड्यांत सावरली नाही तर आणखी एक महिन्यापर्यंतची रजा आजारपणाच्या पुराव्यावर मिळते, तिचा अर्जही याच दोन कागदांच्या रीतीने करावा. यजमानांसाठी कायद्यात काहीच नाही. ते गृहस्थ किरकोळ रजेवर चार दिवस घरी राहिले. आणि घरकाम करणाऱ्या बायकांना तर, ज्यांना अर्ज लिहिण्यासाठी कचेरीच नाही, हा लेख वाचून काही उपयोग नाही, याची मला जाणीव आहे आणि ती बोचते.

माझे खरे मागणे मंजुरी देणाऱ्यांकडे आहे. मंजुरीच्या हुकमात रजेचा प्रकार शब्दांत न लिहिता कलमाचा क्रमांक आणि तारखा घालाव्यात, त्याच्या प्रती सवयीने सगळ्या शाखांना पाठवू नयेत, लिफाफा आपल्या कुलपात ठेवावा, आणि कोणी विचारले तर 'त्या अमुक तारखेपर्यंत रजेवर आहेत' एवढे सांगून थांबावे. आमच्या अधिकाऱ्यांनी हे केले. चोवीस जुलैला बाई आल्या, रुजू अहवालावर एक ओळ लिहून आपल्या खुर्चीवर बसल्या, आणि त्या वर्षीच्या आवक नोंदवहीत त्यांच्या नावापुढे आजही इतकेच लिहिलेले आहे : 'रजेबाबत.'