दोनदा गुणायचं

आयुष्यभर भूकरमापक म्हणून काम केल्यावर निवृत्तीनंतरही लोक नकाशे घेऊन घरी येतात. बहुतेकांच्या हातात मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स असते आणि प्रश्न एकच असतो : "आमचं क्षेत्र यावरून काढता येईल का?" येतं. फक्त कागदावरून जमिनीवर जाताना एक पायरी अशी आहे की शिकलेला माणूसही तिथे हमखास अडतो.

परवा मावळातला एक तरुण आला होता. वडिलोपार्जित शेताचा नकाशा, परिमाण 1:1000. शेत चौकोनी, पण एक बाजू ओढ्याला लागलेली, त्यामुळे वाकडीतिकडी. त्याने घरी पट्टीने मोजून कागदावरचं क्षेत्र काढलं होतं आणि त्याला हजाराने गुणलं होतं. उत्तर आलं सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास. एवढ्या जागेत बैलजोडीसुद्धा उभी राहणार नाही, हे त्यालाही दिसत होतं, पण चूक कुठे झाली ते उमगत नव्हतं.

मी त्याला वहीवर एक सेंटिमीटरचा चौरस काढायला सांगितला. "याची ही बाजू जमिनीवर किती?" म्हणाला, "दहा मीटर." "आणि ही दुसरी?" "तीही दहा मीटर." मग तोच थांबला आणि म्हणाला, "म्हणजे शंभर चौरस मीटर." लांबीही हजारपट आणि रुंदीही हजारपट, म्हणून क्षेत्र हजार गुणिले हजार, दहा लाख पट. लांबी एकदा वाढते, क्षेत्र दोनदा वाढतं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की दहा लाखांचा गुणाकार करायचीही गरज उरत नाही. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर. 1:1000 च्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे नेमका एक आर. सातबारावर हेक्टरनंतर येतो तोच.

जुन्या लोकांनीही हीच सोय पाहिली होती. आमच्याकडची जुनी साखळी 33 फुटांची, आणि 33 फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा. गावनकाशे एका इंचाला वीस साखळ्या या मापाने काढलेले. वीस गुणिले वीस, चारशे गुंठे. म्हणजे त्या नकाशावरचा एक चौरस इंच बरोबर दहा एकर. ज्यांनी हे माप ठरवलं त्यांना तोंडी हिशेब करणारा कारकून डोळ्यांसमोर दिसत असणार, असं मला नेहमी वाटतं.

आम्ही दोघांनी त्याचं शेत पुन्हा मोजायला घेतलं. त्याच्याकडे झेरॉक्सबरोबर मूळ प्रतही होती, ती समोर घेतली. समोरासमोरचे दोन कोपरे जोडून कर्ण काढला, तो 9.2 सेंटिमीटर. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून कर्णावर लंब टाकले, एक 5.4 आणि दुसरा 4.1. दोन्ही लंबांची बेरीज 9.5, तिला कर्णाने गुणून निम्मे केले : 43.7 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 43.7 आर. राहिला ओढ्याकडचा तुकडा, सरळ रेषेच्या बाहेर पोट काढून गेलेला. त्यावर दोन मिलिमीटरच्या घरांचा पारदर्शक कागद ठेवला. अर्ध्याहून जास्त आत असलेलं घर पूर्ण धरायचं, कमी असेल ते सोडायचं. 61 घरं भरली. प्रत्येक घर जमिनीवर दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे चार चौरस मीटर. एकूण 244, अडीच आरांना थोडं कमी. सगळं मिळून 46.14 आर. गुंठा आरापेक्षा किंचित मोठा, 101.17 चौरस मीटरचा, म्हणून हे साडेपंचेचाळीस गुंठ्यांच्या जरा वर. एक एकर साडेपाच गुंठे.

मग त्याने आणलेली झेरॉक्स शेजारी ठेवली. तिच्यावरही 1:1000 छापलेलं होतं. तोच कर्ण तिच्यावर भरला 8.92. यंत्राने पानावर बसवताना नकाशा शंभरातले तीन भाग आकसवला होता. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण जे परिमाणाला लागू, तेच आकसण्यालाही लागू : लांबीतही तीन टक्के गेले, रुंदीतही तीन टक्के गेले, क्षेत्रातले जवळजवळ सहा टक्के गेले. त्या झेरॉक्सवरून काढलं असतं तर शेत 43.41 आर भरलं असतं. पावणेतीन गुंठे कुणी न खाता नाहीसे झाले असते, आणि संशय शेजाऱ्याच्या बांधावर गेला असता. असे वाद मी फार पाहिले आहेत, म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं असतं की छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. नकाशावर एखाद्या बाजूची लांबी लिहिलेली असते, ती पट्टीने पडताळा. 80 मीटर लिहिलेली बाजू आठ सेंटिमीटर भरली तरच तो कागद 1:1000 चा.

पडताळणी एकाच दिशेने करून भागत नाही. जुना कागद दमट हवेत फुगतो, कोरडा पडला की आकसतो, आणि आडवा-उभा सारखा आकसत नाही. एका दिशेने एक टक्का आणि दुसऱ्या दिशेने दोन टक्के गेला असेल, तर क्षेत्र तीन टक्क्यांनी कमी दिसतं. उपाय अवघड नाही. दोन्ही दिशांची घट वेगवेगळी मोजायची आणि आलेल्या क्षेत्राला 0.99 ने भागून पुन्हा 0.98 ने भागायचं.

शिसपेन्सिलीची रेषा पाव मिलिमीटर जाड असते. या शेताचा घेर सुमारे 270 मीटर. रेषेच्या आतून मोजलं की बाहेरून, एवढ्यानेच 1:1000 वर 67 चौरस मीटरचा फरक पडतो. तो चालवून घेता येतो. पण हेच शेत 1:10000 च्या नकाशावर मोजायला बसलात तर तीच रेषा जमिनीवर अडीच मीटर रुंद होते आणि साडेसहा गुंठ्यांहून जास्त जमीन रेषेतच राहते. त्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे एक हेक्टर. धरणाचं बुडीत क्षेत्र त्यावर काढावं, एकराचं शेत काढू नये.

जाताना तरुणाने आणखी एक प्रश्न विचारला आणि तो खरा जाणत्याचा होता. त्यांची वरकस जमीन डोंगरउतारावर आहे. तिथे टेप टाकून मोजलं की क्षेत्र सातबारापेक्षा जास्त भरतं. अतिक्रमण तर नाही? मी म्हटलं, नकाशा जमीन वरून पाहतो. उताराची लांबी त्यात आडवी होऊन उतरते. वीस अंशांच्या उतारावर शंभर मीटर चालून गेलात तरी नकाशावर चौऱ्याण्णवच मीटर पडतात. सातबारावरचं क्षेत्र या आडव्या मापाचं असतं, म्हणून टेपचं क्षेत्र सहा टक्क्यांनी जास्त येणारच. आणि इथे मात्र घट एकदाच धरायची, कारण उतार एकाच दिशेने आहे. डोंगराला समांतर जाणारी बाजू जेवढी जमिनीवर, तेवढीच नकाशावर. त्याने वहीत 0.94 लिहिलं आणि त्यापुढे कंसात "एकदाच" असं लिहून घेतलं.