त्या आकड्याचं करणार काय?

गेल्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. भोर आणि वेल्ह्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला डॅशबोर्ड हवा होता. माझ्या मित्राने माझं नाव सुचवलं, आणि मीही शनिवार-रविवार मोकळेच असतात म्हणून हो म्हणून टाकलं. संस्थेचं बघणारे काका फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, आम्हाला पाण्याची परिस्थिती एका नजरेत दिसली पाहिजे."

मी खूश. दोन वीकेंडमध्ये काय काय केलं विचारू नका. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी सगळ्या धरणांचे टक्के. तालुक्यांचा पाऊस. नकाशा, त्यावर लाल-पिवळी-हिरवी गावं. (मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, त्यामुळे काही फायलींत वेल्हे, काहींत राजगड. ते जुळवण्यात एक अख्खा रविवार गेला.) काकांना दाखवलं. "छान झालंय रे!" म्हणाले. नंतर तीन आठवड्यांनी लॉग पाहिला, तर तो डॅशबोर्ड उघडणारा एकच माणूस होता. मी.

मग गाडी काढली आणि भोरला जाऊन काकांसमोर बसलो. लॅपटॉप पिशवीतच ठेवला. तुम्हाला काय काय दिसायला हवं, हे मी आधीही विचारलं होतं आणि त्यावर माणसं नेहमी "सगळं" म्हणतात. या वेळी प्रश्न बदलला. "काका, पाण्यावरून मागच्या वेळी तुम्ही नक्की काय ठरवलंत? कुठल्या दिवशी? तेव्हा समोर काय होतं?"

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये डोंगरावरच्या एका वाडीची विहीर आटली, तेव्हा टँकरच्या अर्जासाठी धावपळ केली. ग्रामपंचायतीचा ठराव, अर्ज, विहिरीची पाहणी, मंजुरी, आणि मग प्रत्यक्ष टँकर. या सगळ्याला, त्यांच्या अनुभवाने, बाराएक दिवस. तेवढे दिवस बायका खाली ओढ्यातल्या झऱ्यावर रांग लावून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. "आठ दिवस आधी कळलं असतं ना, तर ठराव आधी करून घेतला असता."

हे ऐकलं आणि माझी धरणं वाहूनच गेली म्हणायची. इथला पाऊस भरपूर, पण कातळ आणि तीव्र उतार. पाणी थांबत नाही, खाली धरणात जाऊन बसतं. वाड्या वर. भाटघर निम्मं भरलेलं असो की रिकामं, वरच्या विहिरीला त्याचा पत्ताच नसतो. काकांचा निर्णय 'पाणी कमी कुठे आहे' हा नव्हताच. 'या आठवड्यात कुठल्या वाडीचा कागद हलवायचा' हा होता.

दुसरा प्रश्न मी कागदावर विचारला. तीन खोटे आकडे लिहिले : विहिरीत पाणी ४० दिवसांचं, १५ दिवसांचं, ५ दिवसांचं. प्रत्येकाला काय कराल? ४० ला काका म्हणाले, काही नाही. १५ ला, सरपंचांना फोन. ५ ला, "मग अर्जाचा उपयोग नाही, पदरचे पैसे घालून टँकर पाठवायचा." झालं की! दोन सीमा हातात आल्या. हाच कागद मी आधी पावसाच्या तक्त्यासाठी वापरला असता, तर तिन्ही आकड्यांना "बघू" हेच उत्तर आलं असतं आणि तक्ता तिथेच कटाप झाला असता.

तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण माझा नकाशा त्यानेच मोडला. एक ओळ म्हणजे काय? मी महसुली गाव धरलं होतं, कारण सरकारी याद्या तशाच मिळतात. पण गावाच्या तीन-चार वाड्या असतात. मूळ गावठाण नदीकाठी, तिथे पाणी असतं, आणि आटते ती वरची वाडी. गावाची सरासरी कायम हिरवी. तेव्हा एक ओळ म्हणजे एक वाडी आणि तिची पिण्याच्या पाण्याची एक विहीर.

चौथा, आकडा कोण घेणार आणि कधी? इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. प्रत्येक वाडीत एका माणसाने दर शनिवारी दोरी सोडून पाण्याची खोली मोजायची. पहिल्या दोन आठवड्यांत एका विहिरीचं पाणी चक्क वाढलेलं दिसलं! फेब्रुवारीत! चौकशी केली तर पहिलं माप संध्याकाळी उपसा झाल्यावर घेतलेलं, दुसरं पहाटे. रात्रभरात झिरप्याने विहीर थोडी भरते. तेव्हापासून नियम एकच, पहाटे, पहिली घागर भरायच्या आधी.

हिशोब एवढाच. एका वाडीत मागच्या शनिवारी पाणी ११८ सेंटिमीटर, या शनिवारी ९०. सात दिवसांत २८ उतरलं, म्हणजे रोज ४. तळाचे ३० गाळाचे, तिथे घागर बुडत नाही. उरले ६०, म्हणजे १५ दिवस. त्यातून कागदाचे १२ वजा केले की हातात तीन दिवस. B मध्ये मागचं माप, C मध्ये आजचं :

```
=(C2-30)/((B2-C2)/7)
```

हे सूत्र भोळं आहे. उतार सारखा राहत नाही. ऊन वाढलं की झिरपा कमी होतो, जत्रेला किंवा लग्नाला पाव्हणे आले की उपसा दुप्पट. म्हणून महिन्याची सरासरी न घेता शेवटच्या आठवड्याचीच घट धरतो. घट शून्य आली की सूत्र फुटतं, ते चालतं, तेव्हा काळजी नसतेच.

पाचवा प्रश्न : चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकलेलं परवडेल? काका पटकन म्हणाले, अर्ज लवकर गेला तर पाहणीला आलेला माणूस विहिरीत पाणी बघून परत जाईल आणि पुढच्या अर्जाला आमचं तोंड पडेल. उशीर झाला तर ६०० माणसांच्या वाडीला टंचाईच्या माणशी २० लिटरच्या हिशोबाने रोज १२,००० लिटर, म्हणजे मोठ्या टँकरची रोज एक खेप, पदरच्या पैशाने. मला वाटलं होतं उशीरच महाग. काकांना दोन्ही महाग होते. म्हणून फोनची सीमा १५ च ठेवली, पण त्या दिवशी काकांनी स्वतः एकदा विहीर बघून यायची असं ठरलं.

निघताना आणखी एक विचारलं, जरा भीत भीतच. "काका, तो आधीचा डॅशबोर्ड नक्की कोणाला दाखवायचा होता?" काका हसले. "देणगीदारांना रे. वर्षातून एकदा." मग त्याचे चार स्क्रीनशॉट काढून वार्षिक अहवालाला दिले आणि सर्व्हर बंद केला.

आता शनिवारी दुपारी काकांना व्हॉट्सॅपवर वाड्यांची यादी जाते. वाडी आणि उरलेले दिवस, सगळ्यात कमी दिवसांची वर. मागच्या एप्रिलमध्ये एका वाडीचा आकडा आठवडाभर हललाच नाही. काका जाऊन आले तर दोरी तुटली होती, आणि मोजणारा पोरगा जुनाच आकडा पाठवत होता. त्यानंतर मापाबरोबर ओल्या दोरीचा फोटोही मागवतो.