सेहेचाळीस नग

भोसरीच्या आमच्या मशीन शॉपमध्ये मी खरेदीची बिलं आणि देणी बघते. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून आम्ही बीडाचे ब्रॅकेट घेतो, त्यांवर फेसिंग आणि बोरिंग करून पुढे देतो. एका लॉटचं पेमेंट सोडताना मी नेहमीप्रमाणे डेबिट नोट काढली आणि तेवढी रक्कम कापून उरलेले पैसे पाठवले. नोटेत एकच ओळ होती : ‘आपल्या पुरवठ्यातील रिजेक्शनपोटी, ₹ २३,८८३.’

दुसऱ्या दिवशी फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “मॅडम, पैसं कापलासा त्याचं काय नाही. पण कशाचं कापलासा ते तरी सांगा की. किती नग, काय झालंय त्यास्नी?”

मी उत्तर द्यायला नोट समोर घेतली आणि त्या नोटेत त्यांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही हे मला दिसलं. कोणत्या बिलातला माल, किती नग, दोष कोणता, दर काय धरला, त्यात जीएसटी आहे की नाही, काहीच नव्हतं. रक्कम मी स्टोअरच्या चिठ्ठीवरून काढली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘ब्रॅकेट रिजेक्ट, ४६.’ मी ४६ ला कास्टिंगच्या किमतीने गुणलं, वर आमच्या मशीनिंगचे नगामागे ६० रुपये घातले, एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला आणि मोकळी झाले. “उद्यापर्यंत नवी नोट पाठवते,” असं त्यांना सांगितलं आणि खाली शॉपमध्ये गेले.

रिजेक्ट माल लाल पट्टे मारलेल्या कोपऱ्यात ठेवलेला होता. क्वालिटीच्या मुलाला बरोबर घेऊन मी एकेक नग बाहेर काढायला लावला आणि कारणाप्रमाणे वेगळे ढीग करायला सांगितलं. पहिला ढीग मोठा झाला. ३१ नगांत बोरच्या आतल्या भिंतीवर ब्लोहोल होते, म्हणजे धातू थिजताना आत अडकलेल्या वायूची छिद्रं. कास्टिंग वरून पाहिलं तर ती दिसत नाहीत, बोरिंगचं टूल आत जाऊन थर निघाला की उघडी पडतात. दुसऱ्या ढिगात ९ नग. त्यांच्या फ्लँजची कड इतकी कडक होती की फेसिंगलाच टूलची धार तुटली. पातळ कड साच्यात पटकन गार झाली की बीड तिथे असं कडक होतं.

राहिलेले ६ नग मुलाने हातात घेतले आणि जरा थांबला. त्यांच्यात छिद्र नव्हतं, कडकपणाही नव्हता. बोर मोठा झाला होता. म्हणजे ऑफसेट चुकला होता, आमच्याच मशीनवर. शॉपच्या भाषेत हे एमआर, मशीनिंग रिजेक्शन. आधीचे ४० ते सीआर, कास्टिंग रिजेक्शन. स्टोअरच्या चिठ्ठीवर दोन्ही एकाच आकड्यात मिसळले होते आणि मी आमच्या चुकीचे ६ नग सरळ पुरवठादाराच्या माथी मारले होते. मला फार वाईट वाटलं. त्यांनी फोन केला नसता तर ते पैसे आमच्याकडेच राहिले असते.

नग ठरल्यावर किमतीकडे वळले. इथे एक अडचण होती. फाउंड्रीचं बिल किलोवर असतं : ५०० नग, नगाला ४ किलो, किलोला ९५ रुपये. परत जाणारा माल मात्र मशीन झालेला. बोरिंगमध्ये भुकटी होऊन गेलेलं बीड वजा होतं, त्यामुळे काट्यावर तो बिलापेक्षा कमी भरतो. नोटेत नुसतं वजन लिहिलं तर त्यांच्या गेटवर ते जुळणार नाही, आणि कमी भरलेल्या वजनाने पैसे लावले तर आमचं नुकसान. म्हणून मी नगांची संख्या मुख्य धरली आणि स्पष्ट लिहिलं की किंमत बिलातल्या ४ किलोप्रमाणे, म्हणजे नगाला ३८० रुपये. मशीन झाल्याने काट्यावरचं वजन कमी येईल.

दुसरा गोंधळ जीएसटीचा. आमची डेबिट नोट हे आमचं मागणीपत्र. त्यांचा कर तिच्याने कमी होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे त्यांनी क्रेडिट नोट काढून आपल्या विवरणात दाखवायची आणि आम्ही तेवढं इनपुट क्रेडिट परत करायचं. त्यालाही मुदत आहे. उशिरात उशिरा, ज्या आर्थिक वर्षातलं बिल त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. आता माझ्या एकरकमी २३,८८३ मधून त्यांनी मालाची किंमत किती आणि कर किती हे कसं ओळखायचं? शिवाय त्यात आमचं मशीनिंगही घुसलेलं. मशीनिंग त्यांनी कधी आम्हाला विकलंच नव्हतं, मग त्यांच्या क्रेडिट नोटेत ते बसणार कसं? आमच्या सीएंनी ती रक्कम नुकसानभरपाई म्हणून वेगळ्या ओळीत, जीएसटी न लावता दाखवायला सांगितलं.

मशीनिंगबद्दल ऑर्डरची अटही उघडून वाचली. बोरिंगनंतर उघड झालेल्या कास्टिंग दोषालाच ६० रुपये लावायचे, असं तिथे होतं. ९ कडक नग फेसिंगलाच थांबले होते, म्हणून त्यांचे ६० रुपये सोडले. तुटलेल्या टूलचे पैसे मागावेत असं शॉपचं म्हणणं होतं. अट नाही म्हणून मी ते घातले नाहीत.

नव्या नोटेत सगळ्यात वर त्यांच्या बिलाचा नंबर आणि तारीख, आमच्या माल-आवक पावतीचा नंबर, आणि खाली हा मजकूर :

‘प्राप्त ५०० नग, पैकी परत ४० नग.
३१ नग : बोरच्या आतल्या भिंतीवर ब्लोहोल, बोरिंगनंतर दिसले.
९ नग : फ्लँजची कड कडक, फेसिंग झालं नाही.
कास्टिंगची किंमत ४० × ३८० = १५,२००. जीएसटी १८ टक्के २,७३६.
मशीनिंग भरपाई ३१ × ६० = १,८६०, जीएसटी नाही.
एकूण वजावट ₹ १९,७९६. आधीची नोट रद्द. जादा कापलेले ₹ ४,०८७ आज पाठवले.’

सोबत मोबाइलवर काढलेले फोटो जोडले आणि प्रत्येक नगावर ओतलेला हीट कोड लिहून काढला. ते काम कंटाळवाणं होतं. काही ठिकाणी कोडवर रंग बसलेला, खरवडून वाचावा लागला. पण त्यातून एक गोष्ट पुढे आली, ब्लोहोलचे ३१ ही नग एकाच हीटचे निघाले.

संध्याकाळी मालकांचा पुन्हा फोन आला. त्यांनी फोटो बघितले होते. छिद्रं बाहेरच्या अंगाला नाहीत, बोरच्याच बाजूला आहेत, म्हणजे गडबड कोअरमध्ये आहे, असं ते म्हणाले. त्या दिवशी पावसात कोअर दमट राहिले असणार, ओव्हनची नोंद बघतो. १,८६० बद्दल त्यांनी थोडी घासाघीस केली, ऑर्डरची अट वाचून दाखवल्यावर ‘बरं’ म्हणाले. आधीच्या नोटेत ४६ नग धरले होते, हेही मी सांगितलं. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, “आणि ते सहा नग, ते तुमचंच होतं व्हय?”

“हो साहेब, आमचेच.”

चार दिवसांत त्यांची क्रेडिट नोट आली : १५,२०० आणि त्यावर २,७३६. ते ६ नग मी आमच्या रिजेक्शन खात्याला टाकले, आणि स्टोअरच्या चिठ्ठीवर संख्येशेजारी सीआर आणि एमआर असे दोन रकाने पेनाने आखून दिले.