घडी कुठं मोडायची

आमच्या घरातली पैठणी नेसून फाटलेली नाही, ट्रंकेत ठेवून फाटली. पणजीच्या लग्नातली ही नऊवारी गेल्या दोन पिढ्यांत फारशी कुणी अंगाला लावलीच नव्हती. आत्याच्या माघारी ती ट्रंक माझ्याकडे आली. दिवाळीनंतर एका कोरड्या दुपारी पलंगावर स्वच्छ चादर अंथरून मी आणि वहिनीनं साडी उलगडली. कापडाचं अंग बऱ्यापैकी मऊ होतं, रंगही टिकून होता. पण पन्ह्याच्या मधोमध काठापासून काठापर्यंत नव्हे, तर साडीच्या लांबीभर एक सरळ रेघ गेली होती, आणि त्या रेघेवर रेशीम विरलं होतं. पदराशी तर ती रेघ उघडीच झाली होती. जरीचे तुकडे तिथं मिशांसारखे बाहेर आले होते.

मुंबईत एका वस्तुसंग्रहालयात जुन्या कापडांच्या जतनाचं काम केलेली माझी एक मैत्रीण त्या आठवड्यात कोल्हापुरात होती. तिनं साडीला हात लावायच्या आधी बांगड्या आणि अंगठी काढून ठेवली, हात साबणानं धुऊन कोरडे केले, मग विचारलं, "हिची नेहमी अशीच घडी घालत होते का?" अशीच. पन्हा आधी निम्मा, मग पुन्हा निम्मा. आजी घालायची तशी आत्या घालायची. दरवर्षी ऊन दाखवून साडी परत त्याच खुणांवर बसायची, कारण कापडाला ती खूण लागलेली असते आणि हात आपोआप तिथंच जातो.

जर म्हणजे काय ते तिनं समजावलं तेव्हा पदराचं कोडं सुटलं. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्याभोवती चांदीची चपटी, अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. पैठणीच्या पदरात ही जर बाण्यात असते, म्हणजे आडवी. साडीच्या लांबीच्या दिशेनं घडी पडली की तिची रेघ प्रत्येक जरीच्या दोऱ्याला काटकोनात मोडते. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार जशी तुटते तशी ती पट्टी तुटते, आणि तिची टोकं शेजारचं रेशीम कापत बसतात. उलट पदराला आडवी घडी घातली तर रेघ जरीला समांतर जाते. जर सरळ राहते, फक्त ताण्याचं रेशीम वाकतं. म्हणून पदर असलेलं कापड शक्यतो पूर्ण पन्ह्यानं, लांबीच्या दिशेनं, जाड नळीवर गुंडाळावं, असं तिचं पहिलं म्हणणं.

ते आमच्या घरात जमण्यासारखं नव्हतं. पन्हा ४८ इंच, म्हणजे नळी ५४ इंचांची तरी हवी. ती ठेवायची कुठं? माळ्यावर कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी. दिवाणाच्या खणात प्लायवूड, आणि प्लायवूडच्या चिकटातून वर्षानुवर्षं आम्लाच्या वाफा येत राहतात. शिवाय दिवाण जमिनीलगत. पंचगंगेचं पाणी २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कुठवर चढलं होतं ते आमच्या नातलगांनी भिंतीवर रेघ मारून ठेवलंय. तेव्हा ठरलं: लोखंडी ट्रंक, तीन फूट लांब आणि वीस इंच रुंद, आतून रंग न उडालेली, वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, विटांवर. आणि घडीच घालायची, पण नीट.

आधी प्लास्टिक काढलं. पैठणी एका साडी कव्हरमध्ये होती, पुढची बाजू पारदर्शक, चेनचं. ते कव्हर उघडताच नवीन रेक्झिनसारखा वास आला आणि ते हाताला किंचित चिकटलं. असलं मऊ पारदर्शक प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, आणि प्लास्टिक विटत गेलं की त्यातून आम्लही सुटतं. कपडेवाल्याची साधी पॉलिथिनची पिशवी एवढी वाईट नसते, पण तिच्यात दुसरी अडचण. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. दिवसा गरम झालेली पिशवी रात्री थंड झाली की आतला दमट वारा तिथंच पाणी होऊन बसतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्यात ती त्याहून खूप वर असते. कापडाला श्वास घ्यायला जागा लागते, म्हणून ते कापडातच गुंडाळायचं. काकूंनी प्लास्टिकमध्ये डांबराच्या गोळ्याही टाकल्या होत्या. त्या काढल्या. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडून कापडाला चिकटतात, आणि वास वर्षभर घरात राहतो तो वेगळाच. कसर लागू नये म्हणून वेखंड आणि कडुलिंबाची वाळलेली पानं पोटलीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवली, कापडाला न टेकता. थेट टेकली तर डाग पडतो.

गुंडाळायला मांजरपाट हवा होता. इचलकरंजीला न धुवलेलं करकरीत कापड स्वस्तात मिळतं, पण त्याला कांजी असते. कांजी म्हणजे कसरीची मेजवानी. दोनदा गरम पाण्यात उकळून, साबण लावून, खळखळून धुतलं. तरी मैत्रिणीनं औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन मागवलं आणि एका कोपऱ्यावर थेंब टाकला. थेंब निळाजांभळा झाला. म्हणजे कांजी अजून होती. पुन्हा उकळलं. तिसऱ्या धुण्यानंतर थेंब पिवळट तपकिरीच राहिला, तेव्हा कापड वापरलं. नीळ, स्टार्च, सुगंधी द्रव काहीही नाही.

टिश्यूची गोष्ट जरा सावधपणे करावी लागते. भेटवस्तूच्या दुकानातला पांढरा टिश्यू दिसायला तसाच असतो, पण तो आम्लाचा असू शकतो आणि वर्षांनी पिवळा पडून कापडाला रंगवतो. वर्तमानपत्राचं तर विचारूच नका. आत्यानं त्याच ट्रंकेतल्या इरकलीच्या घडीत घातलेला एक तुकडा तपकिरी झाला होता आणि त्याची चौकट साडीवर उठली होती. आम्ही जतनाच्या साहित्याचा व्यापार करणाऱ्याकडून अॅसिड-फ्री टिश्यू मागवला, पण त्यातही दोन जाती निघाल्या. एकात चुनखडीचा अंश मिसळलेला असतो, त्याला बफर्ड म्हणतात. सुती कापडाला तो चालतो. रेशीम आणि लोकरीला साधा, अनबफर्ड हवा, कारण त्या धाग्यांना अल्कलीनं अपाय होतो. इरकलीत सूत आणि रेशीम दोन्ही, पैठणीत रेशीम, तेव्हा सगळीकडे साधाच घेतला. खात्रीसाठी तिनं एका कागदावर तपासणीचा पेन ओढला. रेघ जांभळी राहिली तर कागद आम्लाचा नाही, पिवळी पडली तर बाजूला ठेवायचा. रेघ साडीवर नव्हे, वेगळ्या तुकड्यावर ओढायची, हे सांगायला नको. हा टिश्यू कायमचा नसतो, आजूबाजूचं आम्ल शोषून तोही काही वर्षांत थकतो. पिवळसर किंवा कुरकुरीत वाटला की बदलायचा.

आता घडी. जुन्या रेघा पन्ह्यावर १२, २४ आणि ३६ इंचांवर होत्या. तिथं पुन्हा वाकवायचंच नाही, म्हणून पन्ह्याचे तीन भाग केले: १६, १६, १६. रेघा १६ आणि ३२ वर. पहिल्या घडीत टिश्यूच्या मनगटाएवढ्या जाड वळकट्या रेघेवर ठेवल्या आणि कापड त्यांच्याभोवती गोलाकार वळवलं. वळकटी दाबायची नाही, सैलच ठेवायची. घडी टोकदार न होता वाटोळी झाली पाहिजे. साडीच्या साऱ्या लांबीला टिश्यू पुरवायचा तर फार खर्च, म्हणून अंगाला मांजरपाटाच्या वळकट्या आणि त्यांच्यावर टिश्यूची एक पट्टी असं केलं. पदराला आणि काठाला मात्र पूर्ण टिश्यू. मग लांबीत तीस-तीस इंचांचे थर करत गेलो, प्रत्येक वळणाला पुन्हा वळकटी. पदर शेवटी, सगळ्यांत वर, त्याच्यावर दुसरं वजन काही नाही. उघडी पडलेली रेघ टाका घालून शिवायची नाही, हे तिनं आवर्जून बजावलं. वहिनीनं सुई-दोरा काढूनही ठेवला होता. नवा दोरा जुन्या रेशमाहून बळकट असतो, तो ओढला की शेजारचं कापड तुटतं.

पुढच्या वर्षी रेघा १८ आणि ३४ वर गेल्या, त्यानंतर १४ आणि ३० वर. म्हणजे भाग १८, १६, १४ किंवा १४, १६, १८. वीस इंचांच्या ट्रंकेत दोन्ही बसतात. हे डोक्यात राहत नाही. पेन्सिलीनं कागदाच्या तुकड्यावर तारीख आणि आकडे लिहून तो मांजरपाटाच्या बाहेर बांधला. शाई वापरू नये. ओल लागली तर पसरते.

दरवर्षी उघडतो ते दिवाळी ते फेब्रुवारीत, पावसाळ्यात कधीच नाही. उन्हात टाकत नाही. सावलीत, पंख्याखाली अर्धा दिवस. काकूंना हे पटत नाही. "आम्ही काय ऊन देत नव्हतो काय?" असं त्या म्हणतात, आणि आता ऊन देण्यावरून आमच्यात दर हिवाळ्यात एकदा तरी वाद होतो. त्या पणजीच्या साडीवरचे हळदी-कुंकवाचे डाग धुवून टाकावेत म्हणतात, मी नाही म्हणते. जरीला चिंच, लिंबू, टूथपेस्ट लावून चमक आणायची सूचनाही त्यांचीच. काळी पडलेली जर म्हणजे चांदीवर गंधकामुळे आलेला थर. तो घासला तर आधी सोन्याचा मुलामाच जातो. शेजारच्या बायकांनी अशा साड्या जुनी जर विकत घेणाऱ्यांना देऊन टाकल्या. ते जाळून चांदी काढतात, हे माहीत असूनही.

चंद्रकळेला मात्र यातलं काही लागू नाही. पणजीचीच काळी चंद्रकळा त्याच ट्रंकेत होती. जुना काळा रंग बहुधा हिराकस आणि हिरड्याचा असतो, आणि हिराकशीतलं लोह धाग्याला आतून कुरतडतं. हिची घडी उलगडताच काळी पूड चादरीवर पडली. मैत्रिणीनं लगेच हात थांबवला. अशा कापडाची घडी बदलायला गेलं की नव्या रेघेवरही ते तुटतं. ती तशीच, जशी होती तशी, आम्लमुक्त पुठ्ठ्यावर टिश्यू अंथरून उघड्या खोक्यात सरकवली आणि वर टिश्यूचा थर ठेवला. हलवायची असेल तर पुठ्ठ्यासकट. मुंबईतल्या एका कापड-संवर्धकाला फोटो पाठवले तेव्हा उत्तर आलं की आधार देऊन ठेवता येईल, पण लोहाचं काम थांबवणं त्यांच्याही हातात फारसं नाही. खर्च बघून आम्ही ते काम अजून दिलेलं नाही.